नियम बदलले, ग्राहकांना कसं कळवू?
प्रश्न: कोथरूडमध्ये माझी डब्याची मेस आहे. नियमावली नव्याने लिहिली आहे. सगळ्यांना पूर्ण पाठवू का?

उत्तर: पूर्ण पाठवू नका, कोणी वाचत नाही. जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवा आणि प्रत्येक फरकापाशी विचारा: यामुळे ग्राहकाचे पैसे, वेळ किंवा सवय बदलते का? नुसती भाषा सुधारली असेल तर मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नको.

आमच्या मेसच्या वेळी बारा दुरुस्त्या होत्या, ग्राहकाला लागू होणारी एकच. तेवढीच कळवली:

"१ जुलैपासून दुपारचा डबा बंद ठेवायचा असेल तर आदल्या रात्री ८ पर्यंत कळवा (आतापर्यंत रात्री १० पर्यंत चालत होतं). नंतर कळवल्यास त्या डब्याचे पैसे लागतील. बाकी काही बदललेलं नाही. मान्य नसेल तर ३० जूनपर्यंत सांगा, शिल्लक पैसे परत देऊ."

जुनी वेळ कंसात ठेवाच, नाहीतर नेमकं काय बदललं ते माणसाला आठवत नाही. फक्त रात्रीचा डबा घेणाऱ्यांना हा मेसेज पाठवला नाही. तीन महिन्यांचे पैसे आधी भरलेल्यांना मुदत संपेपर्यंत जुनाच नियम ठेवला, कारण त्यांनी पैसे त्या अटीवर दिले होते.

"काही किरकोळ बदल केले आहेत" असं मात्र कधीच लिहू नका. पैसे कापले गेले की ग्राहकाला तेच वाक्य फसवणूक वाटतं, आणि ते बरोबरच आहे. पूर्ण नियमावलीची लिंक शेवटी द्या.