‘ब्राता इवाना’ वाचताना

प्रिय विद्यार्थी मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. तू पाठवलेला रशियन कथेचा मसुदा वाचला. त्यात ‘या वीदेल ब्राता इवाना’ या वाक्याचा अनुवाद तू ‘मी इवानच्या भावाला पाहिले’ असा केला आहेस. व्याकरणाच्या दृष्टीने तो शक्य आहे. परंतु तेच वाक्य ‘मी माझा भाऊ इवान याला पाहिले’ असेही सांगू शकते, आणि कथेत पुढे जे घडते ते पाहता हाच अर्थ खरा आहे.

असे का होते, ते नीट समजून घे. रशियनमध्ये व्यंजनान्त पुल्लिंगी नाम निर्जीव असेल, तर त्याची एकवचनी द्वितीया प्रथमेसारखीच राहते: ‘स्तोल’ म्हणजे टेबल आणि ‘वीझू स्तोल’ म्हणजे मला टेबल दिसते. नाम माणसाचे किंवा प्राण्याचे असेल, तर द्वितीयेचे रूप षष्ठीसारखे दिसते: ‘स्तुदेन्त’ या नामाचे ‘वीझू स्तुदेन्ता’ होते. त्यामुळे ‘ब्राता’ हे येथे कर्म म्हणून द्वितीयेत आहे, पण ‘इवाना’ भावाच्या नावाची द्वितीयाही असू शकते आणि ‘इवानचा’ अशी षष्ठीही. दोन्ही शब्दांच्या शेवटी तोच ‘आ’ असल्याने डोळ्यांना फरक कळत नाही.

अशा वेळी मी त्या जागी ‘माशा’सारखे आकारान्त स्त्रीलिंगी नाव घालून पाहतो, कारण त्याची दोन्ही रूपे एकवचनात वेगळी असतात: द्वितीया ‘माशू’, षष्ठी ‘माशी’. ‘सेस्त्रू माशू’ म्हणजे ‘बहीण माशा हिला’ आणि ‘सेस्त्रू माशी’ म्हणजे ‘माशाच्या बहिणीला’. वाक्याला कोणते दोन अर्थ शक्य आहेत, हे या कसोटीने स्पष्ट होते. लेखकाला त्यांतला कोणता अभिप्रेत आहे, हे मात्र संदर्भच सांगतो. विशेषणाच्या जागेकडेही लक्ष दे: ‘मोयेवो ब्राता इवाना’ असे असते, तर बहुधा ‘माझा भाऊ इवान’ हाच अर्थ निघाला असता, ‘ब्राता नाशेवो इवाना’ असते, तर ‘आपल्या इवानचा भाऊ’. संदर्भानेही निर्णय होत नसेल, तर लेखकाला किंवा संपादकाला विचार. मराठीत ‘इवानच्या भावाला’ आणि ‘भाऊ इवानला’ यांपैकी एकच लिहिता येते, मूळची संदिग्धता जशीच्या तशी ठेवता येत नाही.

हीच रचना दुसऱ्या ठिकाणी आपल्याला मोठी मदत करते. ‘व्राचा प्रिव्योल सोसेद’ या वाक्यात डॉक्टर आधी आणि शेजारी शेवटी आहे, तरी आणणारा शेजारीच, कारण ‘व्राचा’ हे कर्माचे रूप आहे. केवळ शब्दक्रमावर विसंबणारा अनुवादक डॉक्टरलाच कर्ता करून बसतो. रशियनमध्ये नव्या माहितीचा भार बहुधा वाक्याच्या शेवटी पडतो, म्हणून मी ‘डॉक्टरला आणले ते शेजाऱ्याने’ असे लिहीन. आपला ‘ला’ येथे नेमका उपयोगी पडतो, पण मराठीत ‘मी गाय पाहिली’ आणि ‘मी गायीला पाहिले’ दोन्ही चालतात, तशी मोकळीक रशियन पुल्लिंगी नामाला सहसा नसते, हे उलट दिशेने अनुवाद करताना विसरू नकोस.

सजीव-निर्जीव हा भेद व्याकरणाचा आहे, जीवशास्त्राचा नव्हे. ‘पकोयनिक’ म्हणजे मृत माणूस, तरी द्वितीया ‘पकोयनिका’, म्हणजे सजीवाची. ‘त्रूप’ म्हणजे प्रेत, आणि ते द्वितीयेतही ‘त्रूप’च राहते. बुद्धिबळातला लाकडी ‘स्लोन’, म्हणजे आपला उंट, मारला गेला की ‘स्लोना’ होतो. म्हणून रशियनमध्ये लिहिताना आपल्या तर्कावर न जाता कोश उघडून सजीवतेची खूण पाहावी. अनेकवचनात तर हा नियम स्त्रीलिंगी नामांनाही लागू होतो, त्यामुळे ‘कुक्ला’, म्हणजे बाहुली, हिचे ‘वीझू कुकोल’ होते. एकवचनी ‘कुक्लू’त त्याचा मागमूसही दिसत नाही, म्हणून तपासणी अनेकवचनाच्या रूपावर करावी.

शेवटी दोन अपवाद ध्यानात ठेव, कारण त्यांत सजीव नामाची द्वितीया प्रथमेसारखीच दिसते. ‘पशोल फ सल्दाती’ म्हणजे तो सैनिकांमध्ये गेला असे नव्हे, तर तो सैन्यात भरती झाला. एखाद्या वर्गात किंवा पेशात सामील होण्याच्या अर्थाने ‘फ’नंतर हे रूप येते. आणि ‘व्हिशला जामुझ’, म्हणजे तिने लग्न केले, यातल्या ‘जामुझ’मध्ये नवऱ्याला म्हणतात त्या ‘मूझ’ची जुनी द्वितीया गोठून राहिली आहे, आजच्या नियमाने तिथे ‘मूझा’ झाले असते. त्याचा मराठी अनुवाद करताना ‘नवऱ्यामागे गेली’ असले काही न करता सरळ ‘तिचे लग्न झाले’ असे लिही.

दुरुस्त मसुदा पाठवताना ज्या वाक्यांत शंका वाटली, त्यांसमोर फक्त एक छोटी खूण कर. ती आपण एकत्र पाहू.

तुझा,
एक ज्येष्ठ अनुवादक