प्रकल्प अहवालातील विक्री आणि हप्ता

उपाहारगृहाच्या कर्जासाठी प्रकल्प अहवाल करताना विक्रीचा अंदाज खुर्च्यांवरून मांडावा. 30 खुर्च्या दिवसातून 2 वेळा भरल्या, तर 26 दिवसांत 1,560 ग्राहक होतात. त्याला सरासरी बिलाने गुणावे. मात्र पहिल्याच महिन्यापासून हा आकडा धरू नका, माझ्या मते अहवाल इथेच फसतो.

समजा, पूर्ण विक्री 100 असताना कच्चा माल 35 आणि भाडे, पगार, वीज मिळून 45 खर्च होतो, म्हणजे हप्त्यासाठी 20 उरतात. विक्री 70 वर आली की कच्चा माल साडेचोवीसवर येतो, परंतु 45 तसेच राहतात आणि हप्त्यासाठी जेमतेम 0.5 उरतो. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांसाठी हप्त्यात सवलतीचा काळ मागावा, खेळते भांडवल प्रकल्प खर्चातच दाखवावे आणि पुढेही पूर्ण विक्रीत उरणाऱ्या 20 पैकी हप्ता 13 च्या वर नेऊ नये, म्हणजे विक्री थोडी घटली तरी तो भरता येईल.