मुदतीआधी घर रिकामे करण्याची नोटीस: कारण आणि कलम

प्रश्न: "पुण्यात ३६ महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो, १४ महिने झालेत. मुलाच्या लग्नासाठी घर हवे म्हणून मालकांनी ५ ऑगस्टला व्हॉट्सॲपवर कळवले, ११ तारखेला रजिस्टर पोस्टाने पत्रही आले. ३१ ऑगस्टपर्यंत खाली करा म्हणतात. मुलगा तर परदेशात असतो. कारण खोटे असेल तर नकार देता येईल का?"

आधी कारणाचा विचार बाजूला ठेवा. मालकाची गरज खरी आहे की नाही, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ खाली भाडेकरूला काढताना न्यायालय तपासते. आपण कायद्याने भाडेकरू नाही, परवानाधारक आहात, आणि करारातल्या समाप्तीच्या कलमात कारणाची अट नसेल तर मुलगा कुठे राहतो याने काहीच फरक पडत नाही.

फरक पडतो तो त्या कलमाच्या शब्दांनी. लॉक-इन, म्हणजे करार मधेच संपवता येत नाही असा सुरुवातीचा काळ, किती महिन्यांचा आहे आणि तो दोघांवर बंधनकारक आहे की फक्त आपल्यावर, हे प्रथम पाहा. अनेक छापील मसुद्यांत मालकाला त्यातून मोकळे ठेवलेले असते. समजा लॉक-इन १२ महिन्यांचा होता आणि त्यानंतर कोणीही 'एक महिन्याची लेखी नोटीस रजिस्टर पोस्टाने' देऊन करार संपवू शकतो असे लिहिले आहे. मग व्हॉट्सॲपचा दिवस धरायचा नाही; पत्र हातात पडले त्या ११ ऑगस्टपासून महिना मोजायचा, म्हणजे ११ सप्टेंबरपर्यंतचा वेळ आपला. लिफाफा जपून ठेवा, त्यावरचा टपालाचा शिक्का उपयोगी पडतो. मात्र कलमात 'कॅलेंडर महिना' असा शब्द असेल, तर ३० सप्टेंबरचा आग्रह धरायला जागा आहे.

उत्तर लेखीच द्या: नोटीस ११ तारखेला मिळाली, कलमाप्रमाणे अमुक तारखेला ताबा देतो, त्याच वेळी अनामत रक्कम परत मिळावी. सप्टेंबरचे शुल्क दिवसांवर द्यायचे. २२,००० रुपये शुल्क असेल तर ११ दिवसांचे सुमारे ८,०६७ रुपये. मी एकदा 'आठ दिवसांत पैसे देतो' या शब्दावर किल्ली आधी देऊन बसलो आणि रंगकामाच्या नावाखाली अर्धी अनामत गेली. तेव्हापासून घरातच दोघांनी मिळून पाहणी, मीटरच्या आकड्याचा फोटो, पैसे खात्यात जमा, मग किल्ली आणि ताबापावतीवर सह्या, हाच क्रम मी पाळतो.

राहता राहिला अडून बसण्याचा विचार. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्या परवानाधारकाला शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि ताब्याचे अर्ज ऐकणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. करार मुदतीआधी संपवला असता हे कलम लागते का, यावर वकील वाद घालू शकतील. पण त्या वादाच्या भरवशावर मी तरी घरात राहिलो नसतो. उलट मालकांनाही न्यायप्रक्रियेशिवाय कुलूप बदलता येत नाही, त्यामुळे आणखी पंधरा दिवस हवे असतील तर ते आताच लेखी मागून घ्या.