पिक्सेल आर्टसाठी साइज कोणती धरावी? माझं उत्तर: आधी 320×180

प्रश्न: मी पहिलाच मोबाइल गेम करतोय, पिक्सेल आर्टमध्ये, फोन आडवा धरून खेळायचा. कॅरेक्टर किती बाय किती काढू आणि स्प्राइट शीट कशी बनवू, म्हणजे सगळ्या फोनवर चित्र शार्प दिसेल? माझ्या फोनवर छान दिसतं, भावाच्या फोनवर डोळे वेडेवाकडे होतात.

कॅरेक्टरची साइज नंतर ठरवा. आधी अख्ख्या सीनची साइज ठरवा, म्हणजे तुमच्या चित्रातले किती पिक्सेल आडवे आणि किती उभे दिसणार ते. ती एकदा पक्की झाली की कॅरेक्टर, टाइल, बटणं सगळं तिच्यावरून ठरतं. मी 320×180 घेतो आणि पहिल्या गेमसाठी तुम्हालाही तेच सुचवेन.

डोळे का बिघडतात, ते आधी आकड्यांत पाहू. समजा तुमच्या फोनची स्क्रीन 2400×1080 आहे. 180 ओळींचा सीन 1080 मध्ये बसवला की बरोबर 6 पट होतो. चित्रातला प्रत्येक पिक्सेल स्क्रीनवर 6×6 चा चौकोन बनतो, सगळे एकसारखे. आता तोच सीन 2532×1170 च्या फोनवर उंचीला पुरेल असा ताणला, तर तो साडेसहा पट होतो. अर्धा स्क्रीन-पिक्सेल नावाची गोष्टच नसते, त्यामुळे काही रकाने 6 चे आणि काही 7 चे होतात. कॅरेक्टरचा डावा डोळा एका पिक्सेलचा आणि उजवाही एका पिक्सेलचा, पण एक बारीक दिसतो, दुसरा जाड. कॅरेक्टर चालायला लागलं की जाड-बारीक रकाने जागा बदलतात आणि त्याची बाह्यरेषा थरथरते. माझ्या पहिल्या गेममध्ये हेच झालं होतं. मी दोन रात्री चेहरा पुन्हा पुन्हा काढत बसलो, आणि चेहऱ्यात काही दोष नव्हताच.

म्हणून नियम एकच: सीन नेहमी पूर्णांकानेच मोठा करायचा, मग जागा उरली तरी चालेल.

```
scale = floor(min(w / 320, h / 180))
```

इथे `w` आणि `h` म्हणजे स्क्रीनचे खरे पिक्सेल. उरलेल्या जागेत काळ्या पट्ट्या ठेवण्यापेक्षा तिथे गेमचंच थोडं जास्तीचं जग दाखवा. 2400×1080 वर 6 पटीने 400×180 दिसेल. 2532×1170 वरही 6 पटच, पण 422×195 दिसेल. 1334×750 च्या जुन्या फोनवर 4 पट आणि साधारण 333×187. 2048×1536 च्या टॅबलेटवर रुंदी आडवी येते, म्हणून तिथेही 6 पट आणि साधारण 341×256.

या आकड्यांतून कामाची गोष्ट ही निघते: मधला 320×180 चा भाग सगळ्यांना नक्की दिसतो. ज्याच्याशिवाय खेळता येणार नाही ते सगळं या चौकटीत हवं. पार्श्वभूमी मात्र त्याहून मोठी काढायची. मी ती 448×256 काढतो, वरच्या चारही स्क्रीन तिच्यात बसतात. कडेला स्क्रीनचे दोन-चार पिक्सेल कधी उरतात, ते डोळ्यांना कळत नाहीत. बटणं मात्र चौकटीला न चिकटवता स्क्रीनच्या कोपऱ्यांना बांधा, नाहीतर लांब फोनवर अंगठा पोचत नाही.

मग 640×360 का नको, जास्त बारकावे काढता येतील की? येतील, पण पट लहान होते. 1080 वर फक्त 3 पट, 720 वर 2 पट. एखाद्या स्क्रीनवर हिशोब 2.9 आला तर तो 2 वर उतरतो आणि सगळं जवळपास एक तृतीयांशाने लहान दिसतं. 180 वर साडेसहाचे 6 झाले तर फरक 8 टक्क्यांचा. शिवाय चौपट पिक्सेल हाताने रंगवायचे, तेही प्रत्येक फ्रेममध्ये.

आता कॅरेक्टर. टाइल 16×16 धरा आणि कॅरेक्टर साधारण 16×24. आडव्या फोनची उंची 6.5 ते 7 सेंटिमीटर असते, म्हणजे 180 पैकी 24 ओळींचं कॅरेक्टर जवळपास 9 मिलिमीटर दिसतं. तेवढ्यात चेहऱ्याचे भाव कळतात. शीटमध्ये मात्र त्याला 32×32 चा खण द्या, कारण तलवार उगारली किंवा उडी मारली की ते 16 च्या बाहेर जाणारच. सगळ्या फ्रेममध्ये पाय खणाच्या त्याच ओळीवर ठेवा. एका फ्रेममध्ये पाय एका ओळीने वर गेले, तर 6 पटीवर तो 6 पिक्सेलचा धक्का असतो. खणाची बाजू समच ठेवा. 15 रुंदीचं स्प्राइट मध्यावर ठेवलं की ते अर्ध्या पिक्सेलवर बसतं आणि थरथर परत येते.

स्प्राइट शीटमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो शेजारच्या फ्रेमचा रंग गळण्याचा. कॅरेक्टरच्या डोक्यावर मध्येच एक रेघ चमकून जाते, नीट पाहिलं तर ती वरच्या फ्रेममधल्या बुटांची असते. कॅमेरा अपूर्णांकावर असताना ग्राफिक्स चिप खणाच्या कडेबाहेरचा रंग उचलते, म्हणून हे होतं. कॅरेक्टरच्या फ्रेममध्ये 2 पिक्सेल रिकामी जागा सोडली की पुरतं. Aseprite मधून मी असं काढतो:

```
aseprite -b hero.aseprite --sheet hero.png --data hero.json --sheet-type rows --sheet-columns 8 --shape-padding 2
```

जमिनीच्या टाइलना मात्र रिकामी जागा पुरत नाही, कारण तिथे गळणारा रंग पारदर्शक असतो आणि दोन टाइलमध्ये फट दिसते. त्यांच्या कडेचाच पिक्सेल बाहेर एकदा पुन्हा काढावा लागतो. एक्स्पोर्ट करताना `Extrude` टिक केलं की हे आपोआप होतं.

इंजिनमध्ये पाहायच्या जागा थोड्याच आहेत. Godot 4.2 किंवा पुढच्या आवृत्तीत `Stretch` खाली `Mode` ला `viewport`, `Aspect` ला `expand`, `Scale Mode` ला `integer`, आणि टेक्स्चर फिल्टर `Nearest`. Unity असेल तर `Filter Mode` ला `Point (no filter)` आणि `Compression` ला `None`. कॉम्प्रेशन राहिलं तर कडा धूसर होत नाहीत, पण सपाट रंगांत डाग पडतात, आणि चूक फिल्टरची समजून माणूस भलतीकडे शोधत राहतो.

मराठीत मजकूर देणार असाल तर तो पहिल्या दिवशीच लावून बघा. शिरोरेषेवर वेलांटी-मात्रा, खाली उकार, जोडाक्षरं, हे 8 ओळींत मावत नाही. इंग्रजी पिक्सेल फाँटला पुरणारी बटणं मग तोकडी पडतात.

जमलं की नाही हे नुसत्या डोळ्यांवर सोडू नका. 32×32 चं एक चित्र काढा, काळा-पांढरा-काळा-पांढरा, एकेक पिक्सेलचा बुद्धिबळाचा पट. तो गेममध्ये ठेवा, भावाच्या फोनवर स्क्रीनशॉट घ्या, आणि तो चॅटवरून न पाठवता मूळ फाइल कॉम्प्युटरवर उघडून मोठा करा. सगळे चौकोन सारखे असतील तर पट पूर्णांक आहे. ठरावीक अंतराने एखादा रकाना जाड दिसला तर पट अपूर्णांक आहे. चौकोनांच्या कडेला राखाडी छटा दिसली तर फिल्टर अजून चालू आहे.