जॉइंट खाते, एकाच फोनवर येणारे मेसेज आणि रोजचा जबाब

प्रश्न : मी कोल्हापुरात एका खाजगी शाळेत शिकवते, पगार 18,000. यजमान शिरोली एमआयडीसीत आहेत, त्यांना 72,000 मिळतात. खाते जॉइंट आहे आणि मेसेज त्यांच्याच फोनवर जातो. घरी आले की पहिला प्रश्न, "हे सहाशे कशाचे?" भांडण नको म्हणून आईच्या औषधांचे पैसे मी आता मैत्रिणीकडून उसने घेऊन देते. काय करावे?

ताई, बँकेच्या काउंटरवर बरीच वर्षे काढल्यामुळे अशी खाती मी जवळून पाहिली आहेत. सहाशे रुपये तुमच्या घराला जड नाहीत. खटकते ते हे की जबाब नेहमी एकानेच द्यायचा आणि विचारायचे नेहमी दुसऱ्याने. यजमानांचा स्वभाव बदलण्याची वाट पाहण्याआधी ही मेसेजची व्यवस्था बदला. तुमच्या एकटीच्या नावाने बचत खाते उघडा, त्याला तुमचाच मोबाइल क्रमांक जोडा आणि पगार तिथे जमा करण्याचा अर्ज शाळेच्या कार्यालयात द्या. हे त्यांना सांगून करा. चोरून उघडलेले खाते सापडले की मूळ तक्रार बाजूला राहते आणि तुम्हीच आरोपी ठरता.

आता वाटणीचे. पगार तुमचेच घेते, खर्च मात्र अंदाजाने धरते. फ्लॅटचा हप्ता 24,000, किराणा, दूध, गॅस आणि वीज 15,000, मुलाची शाळा आणि रिक्षा 8,000, सासू-सासऱ्यांची औषधे आणि किरकोळ 7,000, असे 54,000 झाले. त्यावर 20,000 बचत धरली, तर दोघांनी मिळून 74,000 उभे करायचे आहेत. निम्मे-निम्मे म्हटले तर तुमचा सगळा पगार घालूनही भागत नाही. पगाराच्या प्रमाणात केले, तर तुमच्या वाट्याला 14,800 येतात. कागदावर हा न्याय बरोबर दिसतो, परंतु तुमच्या हातात 3,200 राहतात आणि त्यांच्या हातात 12,800. शाळेतून आल्यावर स्वयंपाक, मुलाचा अभ्यास आणि सासऱ्यांचे पथ्य सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या हाती यजमानांच्या हातातल्या रकमेचा चौथा हिस्साच यावा, हे मला पटत नाही.

म्हणून मी उलट्या बाजूने मोजणी करते. एकूण 90,000 मधून 74,000 वजा केले की 16,000 उरतात. ते दोघांना 8,000 प्रमाणे सारखे. तुम्ही दरमहा 10,000 जॉइंट खात्यात वळवायचे, त्यांनी 64,000, आणि आपापल्या आठ हजारांचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. तुम्ही भिशी लावा, महाद्वार रोडवर साडी घ्या किंवा ते मित्रांना तांबडा-पांढरा खाऊ घालोत. जॉइंट खात्यातून ठरलेल्याबाहेरचा 5,000 च्या वरचा खर्च मात्र दोघांनी विचारूनच करायचा, आणि हा नियम त्यांच्या नव्या मोबाइललाही लागू.

आईच्या औषधांकडे वेगळे पाहा. सासूबाईंची औषधे घरखर्चात आणि आईची तुमच्या खिशातून, ही विभागणी कोणी आणि केव्हा ठरवली? औषधे दरमहा लागत असतील तर ती त्याच यादीत लिहा आणि उरलेली रक्कम नव्याने वाटा.

बोलणे मेसेज आल्या संध्याकाळी काढू नका. पगार झाल्यानंतरच्या रविवारी कागद घेऊन बसा आणि आधी त्यांच्याकडून ऐका : कर्ज किती उरले आहे, विमा कोणता, ठेवी कोणाच्या नावावर आहेत. रोज सहाशेची चौकशी करणारा माणूस बहुधा हप्त्याची धास्ती एकट्यानेच वाहत असतो. ते आकडे तुम्हाला ठाऊक झाले की त्याचे विचारणे पुष्कळदा कमी होते. मैत्रिणीच्या उसन्याचे त्याच बैठकीत तुम्हीच सांगा, कारण ते पुढे बाहेरून कळले तर ठरलेले सगळे मोडेल. अशी व्यवस्था मोडते ती बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी, "तुझ्या आठ हजारांतले किती उरले?" या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाने. तेव्हा रागावू नका, पण आकडाही सांगू नका.

हे सर्व लागू पडते ते चिडचिड्या पण ऐकून घेणाऱ्या माणसाला. वेगळे खाते उघडूच न देणे, एटीएम कार्ड काढून घेणे, पगार परस्पर उचलणे किंवा नोकरी सोडायला लावणे, यांपैकी काही घडत असेल तर ते हिशेबाच्या कागदाने सुटणारे नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्यात आर्थिक छळही हिंसाचारातच मोडतो. त्यासाठी 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो किंवा संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार नोंदवता येते. तशी वेळ आली तर पासबुक, पगाराच्या पावत्या आणि दागिन्यांची बिले माहेरी किंवा विश्वासाच्या ठिकाणी आधी हलवा.