वर्गशिक्षिकांकडे भेटीची वेळ मागताना

प्रश्न: वर्गातली मुले माझ्या मुलाला त्रास देतात. कोणावरही आरोप न करता बाईंकडे भेट कशी मागू?

उत्तर: पत्रात ‘छळ’ हा निष्कर्ष न लिहिता, तुम्ही स्वतः पाहिलेले आणि मुलाने सांगितलेले अशी वेगवेगळी वाक्ये करावीत. उदाहरणार्थ: “सोमवारी आणि गुरुवारी तो घरी आला तेव्हा त्याच्या वहीची पाने फाटलेली होती. मधल्या सुट्टीत दोन मुलांनी ती फाडली, असे तो सांगतो. वर्गात आपल्याला काय दिसते हे समजून घ्यायचे आहे. कृपया या आठवड्यात 20 मिनिटांची वेळ द्यावी.”

त्या मुलांची नावे प्रत्यक्ष भेटीतच सांगावीत, कारण पत्र पुढे कोणाच्या हाती जाईल हे आपल्या हातात नसते, आणि तीही मुलेच आहेत. ‘मुलांची मस्करी असेल’ असे उत्तर आले, तर वाद न घालता तारखांची नोंद समोर ठेवावी आणि मधल्या सुट्टीत लक्ष कोण ठेवणार, पुन्हा कधी बोलायचे, एवढे विचारावे. ठरलेले त्याच संध्याकाळी लिहून पाठवावे. मारहाण किंवा धमकी असेल, तर मात्र वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटावे.