एफडी मोडून पॉलिसी घेतली, आता पैसे परत मिळतील का?

प्रश्न: सर, मी सांगलीची, वय ४५, पगार ४५ हजार. एफडी मॅच्युअर झाली तेव्हा बँकेतल्या मॅडमनी २ लाख एका "प्लॅन"मध्ये टाकायला लावले. आता कळलं की ती लाइफ इन्शुरन्सची पॉलिसी आहे, दरवर्षी २ लाख असे १० वर्षं भरायचे आणि २० वर्षांनी साधारण ३८ लाख मिळणार. कव्हर २० लाखाचं. पॉलिसीची पीडीएफ ४ नोव्हेंबरला मेलवर आली, आज २५ तारीख. मॅडम म्हणतात आता कॅन्सल केलं तर अर्धे पैसे जातील. काय करू?

उत्तर: ताई, कॅन्सल करा, आणि याच आठवड्यात करा. अर्धे पैसे जात नाहीत. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो, म्हणजे वाचून पटली नाही तर ती परत करायची मुदत, आणि तुमची मेलवर आलीये म्हणून मोजणी ४ तारखेपासून, म्हणजे ३ डिसेंबरच्या आत अर्ज कंपनीकडे पोचलाच पाहिजे, पण शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

या काळात कंपनी फक्त तीन गोष्टी कापू शकते, जितके दिवस कव्हर चालू होतं तेवढ्या दिवसांचा रिस्क प्रीमियम म्हणजे नुसत्या विमा संरक्षणाचा खर्च, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि स्टॅम्प ड्युटी. स्टॅम्प ड्युटी हजाराला २० पैसे धरली तर २० लाखावर ४०० रुपये. तुमच्या वयाला २० लाखाच्या कव्हरचा वर्षाचा रिस्क प्रीमियम अंदाजे ५-६ हजार धरा, त्यातले २५ दिवसांचे चारेकशे होतात. मेडिकल झाली असेल तर तिचे हजार-दीड हजार. म्हणजे दोन लाखातले दोन-अडीच हजार जातील, बाकी सगळे परत. (युलिप म्हणजे बाजाराशी जोडलेली पॉलिसी असती तर युनिट्सच्या त्या दिवसाच्या भावावर थोडं कमीजास्त झालं असतं, पण तुमची तशी दिसत नाही.)

ठेवावी का हाही विचार मी केला. १० वर्षं २-२ लाख भरून विसाव्या वर्षी ३८ लाख म्हणजे वर्षाला जेमतेम ४.२ टक्के पडतात. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे वर्षाच्या ५ लाख ४० हजार पगारातून पुढच्या नोव्हेंबरला पुन्हा २ लाख कुठून आणणार? हप्ता चुकला आणि मग सरेंडर केली तर पहिलं वर्ष संपल्यावर भरलेल्यातला काही भागच हातात येतो. घर तुमच्या पगारावर चालत असेल तर कव्हर हवंच, पण ते साध्या टर्म प्लॅनचं वेगळं घ्या.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. मॅडमशी वाद घालत बसू नका, आणि "मला फसवलं" हे सिद्ध करायच्या मागे तर अजिबात लागू नका. फ्री लूकमध्ये ते सिद्ध करावंच लागत नाही, "अटी मला मान्य नाहीत, दरवर्षीचा हप्ता परवडणार नाही" एवढं कारण पुरतं. पॉलिसीची खात्री करायला कंपनीकडून आलेल्या व्हेरिफिकेशन कॉलवर तुम्ही सगळ्याला हो म्हणाला असाल तरी त्याने इथे काही अडत नाही. ३० दिवस उलटले की मात्र फसवणूक दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि तेव्हा तोच कॉल तुमच्यासमोर ठेवतात. म्हणूनच "साहेब सोमवारी येतील, मग बघू" असं ऐकवून दिवस घालवले जातात, माझ्याकडे आलेल्या कितीतरी लोकांची मुदत अशीच गेलीये.

अर्ज बँकेत देऊ नका, विमा कंपनीच्या ब्रँचला स्वतः जा. फ्री लूक कॅन्सलेशनचा अर्ज, त्यावर पॉलिसी नंबर आणि पीडीएफ मिळाल्याची तारीख, सोबत तुमच्या नावाचा कॅन्सल्ड चेक आणि पॅन-आधारची कॉपी. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, रिक्वेस्ट नंबर घ्या, आणि त्याच दिवशी पॉलिसीवरच्या तुमच्या मेल आयडीवरून हाच अर्ज कंपनीच्या कस्टमर केअरला पाठवा. व्हॉट्सॲपवर मॅडमना कळवलं म्हणजे अर्ज दिला असं होत नाही. नंतर कंपनीतून मन वळवायला फोन येईल, त्यावर "बरं, बघते" म्हणू नका, कॅन्सलच हवंय एवढंच सांगा.

अर्ज मिळाल्यापासून ७ दिवसांत रिफंड द्यायचा नियम आहे, उशीर झाला तर बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त दराने व्याज लागतं. पैसे आले नाहीत किंवा जास्त कापले तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, मग विमा नियामक इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार टाका. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिना झाला आणि उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, सांगलीसाठी त्यांचं ऑफिस पुण्याला आहे, फी नाही, वकील लागत नाही. शिक्क्याची ती प्रत तिथे कामाला येते.

आणि फॉर्म भरताना ऑटो डेबिटवर सही घेतली असेल बहुतेक, रिफंड जमा झाला की बँकेत जाऊन ते मँडेट बंद करून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा पैसे कटायचे.